वर ओढलेली तार

बाईंचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा ते पावणेपाचला उठून आदल्या दिवशीची वाकडी चाकं सरळ करायला बसत, आणि आऱ्यांच्या त्या टिणटिण आवाजाने बाईंना जाग येई. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आवाज थांबला, जाग तेवढी उरली.

खोली एकच. पलंग, गॅसची शेगडी, भिंतीला लावलेलं टेबल आणि एक खुर्ची. पूर्वी खुर्च्या दोन होत्या. वडिलांच्या खुर्चीचा पाय निखळला, तो बसवायचं राहून गेलं, आणि एका माणसाला दोन खुर्च्या कशाला म्हणून ती माळ्यावर गेली. चहाचं पातेलंही आता एका कपाचंच होतं. मोठं पातेलं आत ठेवलं होतं, कारण त्यात एक कप चहा केला की तो तळाला करपायचा.

सहाला कुलूप लावून बाई चालत निघायच्या. पाऊण तासाची चाल. सात वाजून दहा मिनिटांनी पहिला तास. बावीस वर्षांत पहिल्या तासाला त्या उशिरा गेल्या अशी एकही नोंद नव्हती. अर्थात तशी नोंद ठेवणारंही कुणी नव्हतं.

कॉलेज कॉमर्सचं. बाई प्रथम वर्षाच्या 'ब' तुकडीला अर्थशास्त्र शिकवत, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे. सुट्टीला पैसे नाहीत, तापाला नाहीत. कायम होण्याची आशा पहिली आठ वर्षं होती, पुढे तिचं नाव निघेनासं झालं. गावाला राहणारा धाकटा भाऊ रविवारी फोन करायचा. "ताई, बरी आहेस ना?" "बरी आहे, दादू." "जेवलीस?" "जेवले." मग भाऊ म्हणायचा, "चल, ठेवतो."

'ब' तुकडीतली मुलंमुली मराठी शाळांतून आलेली. उत्तरं मराठीत लिहिलेली चालत, पण प्रश्नपत्रिका विभागप्रमुख काढत आणि ती इंग्रजीत असे. म्हणून बाईंच्या फळ्याला दोन बाजू होत्या. डावीकडे मागणी, उजवीकडे डिमांड. डावीकडे पुरवठा, उजवीकडे सप्लाय. वक्र, कर्व्ह. समतोल किंमत, इक्विलिब्रियम प्राइस. दोन्ही बाजूंची अक्षरं एकाच मापाची. एक भाषा मोठी आणि दुसरी कंसात, असं नाही. "दोन्ही हातांनी काम करायला शिका," त्या सांगायच्या. "एक हात दुखला तर दुसरा असतो."

मुलं त्यांना पाठीमागे 'सरकवा मॅडम' म्हणत. त्याला कारण होतं.

बाईंकडे दोन तारा होत्या. वडिलांनी दुकानात बसून जाड तारेला बाक देऊन त्या केल्या होत्या. एकीला लाल दोरा गुंडाळलेला, ती मागणीची. डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी. दुसरीला हिरवा, ती पुरवठ्याची; डावीकडून खालून उजवीकडे वर चढणारी. पोरं सायकलच्या आऱ्यांत घालतात तसला एक पिवळा मणी प्रत्येक तारेत ओवलेला. मणी घट्ट होता, सोडला तिथेच थांबायचा. तार पक्की व्हावी म्हणून वडिलांनी ती तीनदा सोडवून पुन्हा वाकवली होती. "तुझं ते शास्त्र मला कळत नाही," ते म्हणाले होते, "पण दोन तारांचा बाक सारखा नसेल तर पोरं हसतील."

त्या तारांनी बाईंनी बावीस वर्षं एकच गोष्ट शिकवली होती. वस्तूचा भाव बदलला तर मणी सरकतो, तार जागची हलत नाही. अंडी महागली की लोक कमी अंडी घेतात. मणी लाल तारेवर वर चढला. त्याला मागणीतील संकोच म्हणायचं, कॉन्ट्रॅक्शन. स्वस्त झाली की मणी खाली. मागणीतील विस्तार, एक्स्पान्शन. पण भाव तोच असताना दुसरंच काही बदललं, लोकांचे पगार वाढले, आवड बदलली, अंड्यांऐवजी जे खाता येतं ते महागलं, तर अख्खी तार सरकते. उजवीकडे गेली तर मागणीतील वृद्धी, इन्क्रीज. डावीकडे गेली तर ऱ्हास, डिक्रीज. मणी की तार, हे ज्याला ओळखता आलं त्याचा अर्धा धडा झाला. म्हणून तासाला दहा वेळा: "आता काय करायचं? मणी की तार? तार ना? मग सरकवा."

त्या वर्षी 'ब' तुकडीची खोली दुरुस्तीला निघाली आणि वर्ग मागच्या कोठारात बसू लागला. जुन्या खोलीत फळ्यावर पडद्याची आडवी दांडी होती. तारा तिला कड्यांनी टांगलेल्या. ढकलल्या की डावीउजवीकडे सरकत. कोठारात दांडी नव्हती. फळ्याच्या वर दोन खिळे होते. बाईंनी तारांच्या दोन्ही टोकांना दोरा बांधला, तो खिळ्यांवरून घेतला आणि मोकळं टोक हातात ठेवलं. दोरा ओढला की तार वर, सोडला की खाली.

लाल तारेचं काम यावर भागलं. मागणीची तार वर ओढली काय आणि उजवीकडे सरकवली काय, दिसतं एकच. मुलं पटापट शिकली. वाढली की वर, घटली की खाली. बाईंना ते खटकलं होतं. दांडी बसवायला हवी, असं त्या स्वतःला दोनदा म्हणाल्या. पण बसवली नाही. काम मनात येऊन चालत नाही, हातात यावं लागतं.

पुरवठ्याचा तास आला त्या दिवशी बाईंच्या अंगात ताप होता. रात्री तहान लागली तेव्हा उठून पाणी घेण्यात पाऊण तास गेला होता, कारण उठू का नको हे ठरवायलाच कुणी सोबत नव्हतं. तरी त्या सातला कोठारात हजर. घसा बसलेला. त्या फळ्याकडे तोंड करून शब्द लिहीत राहिल्या. पुरवठ्यातील वृद्धी, इन्क्रीज इन सप्लाय. पुरवठ्यातील ऱ्हास, डिक्रीज इन सप्लाय. लिहिता लिहिता म्हणाल्या, "कोंबड्यांचं खाद्य स्वस्त झालं. अंड्यांचा पुरवठा वाढला. मणी की तार?"

"तार," वर्ग म्हणाला.

"कुणीतरी या आणि सरकवा."

पुढे आली ती 'वकील'. ही मुलगी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची म्हणून वर्गाने तिला ते नाव ठेवलं होतं. तिने हिरव्या तारेचा दोरा ओढला. तार वर गेली. "वाढला, सरकवली," ती म्हणाली.

"बरोबर," बाई म्हणाल्या. पाठ वळलेलीच होती. खडू चालूच होता.

वर्गाने ती आकृती वहीत उतरवून घेतली. एरवी बाई शनिवारी सगळ्या वह्या तपासायच्या. त्या शनिवारी तपासल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी सत्रपरीक्षा झाली. 'ब' तुकडीचे पेपर नियमाप्रमाणे विभागप्रमुखांनी तपासले. चौथ्या दिवशी शिपाईमामा कोठाराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सरांनी बोलावलंय."

"आत्ता?"

"आत्ताच. तोंड आंबट आहे, तयारीने जा."

विभागप्रमुख बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान होते. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. टेबलावर अठ्ठावन्न पेपर होते. त्यांतले एकेचाळीस वेगळे काढून दोरीने बांधलेले.

"मॅडम, बसा. चौथा प्रश्न बघा. पुरवठ्यात वृद्धी झाली तर समतोल किमतीचं काय होईल, आकृतीसह. एकेचाळीस जणांनी पुरवठ्याचा वक्र वर चढवलाय. सगळ्यांचं एकच. बाण वर, किंमत वर, नग कमी. चूक करायची तर माणूस आपापली करतो. ही एकमेकांची बघून केलेली आहे."

"परीक्षेला वर्गावर कोण होतं?"

"बाहेरचे होते, झोपाळू. पोरांना रान मोकळं. सगळे एकाच माळेचे मणी." त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "सामूहिक कॉपीचा अहवाल. यावर विषयशिक्षक म्हणून तुमची सही. चौथ्या प्रश्नाला नाही, अख्ख्या पेपरला शून्य लागेल."

"एकेचाळिसांना?"

"एकेचाळिसांना. आणि मॅडम, तुमच्या हिताचंच सांगतो. निकाल इतका पडला की तुमचे पुढच्या सत्राचे तास टिकणार नाहीत. कॉपी म्हटली की प्रश्न तुमच्या शिकवण्यावर येत नाही."

बाईंनी पहिले पाच पेपर उलटले. हिरव्या शाईत, निळ्या शाईत, पेन्सिलीत, एकच बाण. सरळ वर.

"मला एक तास द्या," त्या म्हणाल्या. "पेपर घेऊन जाते."

कोठार रिकामं होतं. बाकांवर धूळ, खिडकीतून येणारा उजेड, फळ्यावर दोन तारा लटकलेल्या. बाईंनी शेवटच्या बाकावर बसून एकेक पेपर वाचला. आकृती एकच होती, पण खालचा मजकूर एकेकाचा वेगळा. एकाने लिहिलं होतं, माल वाढला की दुकानदाराचा खर्च वाढतो म्हणून किंमत वाढते. दुसरीने लिहिलं होतं, पुरवठा वाढला म्हणजे वस्तूला मान आला. कॉपी केलेल्या मुलांना इतके वेगवेगळे खोटे मुद्दे सुचत नाहीत. वकीलने आकृतीत किंमत वर दाखवली होती आणि खाली एक ओळ खरडली होती: 'आकृतीप्रमाणे किंमत वाढते, पण आमच्या आजूबाजूला माल फार आला की ती उतरते, तरी वर्गात असेच दाखवले होते.'

वर्गात असेच दाखवले होते.

बाई उठल्या. फळ्यापाशी गेल्या आणि हिरव्या तारेचा दोरा ओढला. तार वर गेली. त्या तशाच उभ्या राहिल्या, दोरा धरून. मग त्यांना तो तास आठवला. खडू, घसा, पाठीमागे कुणाचा तरी आवाज, आणि आपला 'बरोबर'.

एकाने चूक केली तर ती त्याची. एकेचाळिसांनी तीच केली तर शिकवणारीची.

दोरा सोडून त्या पुन्हा बाकावर बसल्या. विचारावं असं कुणी नव्हतं. भावाला फोन केला असता तर तो म्हणाला असता, सही कर आणि मोकळी हो, पोरं काय, येतात नि जातात. आणि तो चुकीचंही बोलला नसता. तास गेले तर बाईंच्या सकाळी पावणेपाचला उठण्याला काही अर्थ राहणार नव्हता. जाग आल्यावरच्या त्या वेळेचं करायचं काय, हा खरा प्रश्न होता. पैशाचं त्यानंतर.

त्यांनी दोन्ही तारा खिळ्यांवरून काढल्या, पेपर काखेत घेतले आणि वर गेल्या.

"सर, कॉपी नाही. मी शिकवलंय."

"काय शिकवलंय?"

"ही चूक." बाईंनी दोन्ही तारा त्यांच्या टेबलावर, कोऱ्या कागदावर ठेवल्या. "मागणीची वर ओढली तर चालतं. वर आणि उजवीकडे एकच होतं. पुरवठ्याची वर ओढली तर ती डावीकडे जाते. म्हणजे ऱ्हास. मी नुसतं वर आणि खाली दाखवलं. एका मुलीने वर ओढली, मी न बघता बरोबर म्हटलं. त्यांनी माझंच लिहिलंय."

विभागप्रमुखांनी हिरवी तार थोडी वर ढकलली, मग आडवी. बघत राहिले. "बावीस वर्षं शिकवताय तुम्ही हे."

"एकवीस वर्षं नीट शिकवलं."

"हे लेखी द्याल?"

"देते."

"मॅडम, हात दाखवून अवलक्षण करून घेताय. लेखी आलं की मला वर कळवावं लागेल. पुढच्या सत्राला तुमचं नाव मग मी घालू शकणार नाही."

"समजलं. मुलांची फेरपरीक्षा घ्याल?"

त्यांनी वेळापत्रक पाहिलं. "चौथ्या प्रश्नाची घेतो. पुन्हा शिकवायला तीन तास देतो तुम्हाला."

बाईंनी उभ्यानेच सात ओळी लिहिल्या आणि सही केली.

त्या दुपारी त्यांनी पडद्याची एक दांडी आणि दोन स्क्रू आणले. शिपाईमामांनी शिडी धरली. "मी लावतो की," ते म्हणाले.

"तुम्ही शिडी धरा. हे माझं राहिलेलं काम आहे."

"राहिलेलं काम फार जड असतं बरं का," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सात दहाला वर्ग भरला होता. कुजबुज चालली होती. कॉपीची बातमी फुटली होती. बाई आत आल्या तशी ती थांबली.

"तुम्हाला कुणी कॉपीवाले म्हटलं असेल तर ते खोटं आहे," बाई म्हणाल्या. "आकृती चुकली ती माझ्यामुळे. न बघता मी बरोबर म्हटलं. आता ती पुसून काढायची. नव्याने शिकण्यापेक्षा याला जास्त मेहनत लागते, म्हणून जागे राहा."

मागून कुणीतरी म्हणालं, "वकीलनेच ओढली होती तार."

"ओढली," वकील म्हणाली. "आणि तू उतरवून घेतलीस. माझ्या एका दोऱ्याला एकेचाळीस जण लटकले."

वर्ग हसला. बाईंनी हसू दिलं. मग त्यांनी हिरवी तार दांडीला टांगली आणि खडूने डाव्या कडेला उभी आणि खाली आडवी रेघ ओढली. "ही उभी रेघ कशाची?"

"किमतीची. प्राइस."

"आणि खालची आडवी?"

"नगसंख्येची. क्वांटिटी."

"आता वकील, इकडे या. एका भावावर बोट ठेवा. कुठल्याही."

वकीलने उभ्या रेघेच्या मध्यावर बोट ठेवलं.

"या भावाला उत्पादक किती अंडी विकायला काढतात? बोट उचलू नका. डोळ्यांनी आडवं चाला, हिरवी तार लागेपर्यंत. आणि मग खाली बघा."

"चार शेकडे."

"खाद्य स्वस्त झालं. एक अंडं काढायचा खर्च उतरला. बोट तिथेच, भाव तोच. आता त्याच भावाला ते जास्त अंडी काढतील की कमी?"

"जास्त. सहा शेकडे धरू."

"मग तार कुठे हवी, म्हणजे त्या बोटासमोर सहा शेकडे येतील?"

वकीलने मोकळ्या हाताने तार ढकलली. ती दांडीवरून कुरकुरत उजवीकडे गेली. वर्ग बघत होता.

"उजवीकडे," ती हळू म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण मॅडम, आता ती तार पूर्वीपेक्षा खाली दिसतेय. वाढली आणि खाली कशी?"

"छान. वाद घाला. खाली म्हणजे काय? चार शेकडे अंडी काढायला त्यांना पूर्वी जेवढा भाव लागायचा, तेवढा आता लागत नाही. कमी भावातही ते तयार आहेत. म्हणून ती खाली दिसते. आणि त्या दिवशी तुम्ही वर ओढली, म्हणजे काय झालं?"

"तेवढ्याच अंड्यांना जास्त भाव मागायला लागले."

"म्हणजे खाद्य स्वस्त झालं की महाग?"

"महाग," वर्गातून चारपाच आवाज आले. आणि मागच्या बाकावरचा एक लांबट चेहऱ्याचा मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण खाद्य महाग केलं होतं. कोंबड्यांना उपाशी मारलं."

"मारलं," बाई म्हणाल्या. "वर-खाली विसरा. भावावर बोट ठेवा आणि आडवं वाचा. डावीकडे ऱ्हास, उजवीकडे वृद्धी. दोन्ही तारांना एकच नियम. वहीत लिहा. शिफ्ट, स्थानांतर. शिफ्ट टू द राइट, उजवीकडे स्थानांतर."

मग त्यांनी लाल तार तिच्यावर टांगली. दोन तारा एकमेकींना छेदत होत्या. तो छेद म्हणजे समतोल बिंदू. हिरवी तार उजवीकडे सरकवली तशी छेदाची जागा लाल तारेवरून खाली उजवीकडे घसरली. किंमत उतरली, नग वाढले.

"आता लाल तारेचं काय? तिला कुणी हात लावला?"

"नाही."

"मग मागणी वाढली का?"

इथे वर्ग दोन भागांत फुटला. निम्मे म्हणाले वाढली, लोक जास्त अंडी घेतात. निम्मे गप्प. बाई वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांना ती शांतता आवडायची. खोलीतल्या शांततेसारखी ती नव्हती. हिच्यात अठ्ठावन्न डोकी चालत होती.

"मणी," वकील म्हणाली. "लाल तार नाही सरकली. भाव उतरला म्हणून मणी खाली आला. विस्तार. एक्स्पान्शन."

"लोकांचे पगार वाढले नाहीत, आवड बदलली नाही," बाई म्हणाल्या. "फक्त स्वस्त झालं म्हणून जास्त घेतलं. ती वृद्धी नाही. एक तार सरकली की दुसरीलाही ढकलायचा मोह होतो. हात आवरा."

पुढचे दोन तास त्यांनी दुसरं काहीच केलं नाही. प्रत्येकाला फळ्यापाशी आणलं, बोट ठेवायला लावलं, तार ढकलायला लावली, आणि त्या एकदाही पाठ वळवून उभ्या राहिल्या नाहीत. शब्द लिहायचं काम मुलांना दिलं. शनिवारी अठ्ठावन्न वह्या घरी नेल्या. त्या दिवशी त्यांचं टेबल पुरलं नाही, पलंगावर वह्या पसरल्या. खोली भरल्यासारखी दिसली. रविवारी भावाचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "दादू, नंतर कर, मी कामात आहे." पलीकडे तो चकितच झाला असावा.

फेरपरीक्षेत एकेचाळीसपैकी छत्तीस जणांचा चौथा प्रश्न बरोबर आला. तिघांनी लाल तारही ढकलली होती. दोघांनी पुन्हा वर चढवली. विभागप्रमुखांनी आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, "पाच राहिले." बाईंच्या लेखी आकडा तोच होता.

सत्र संपलं. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात 'ब' तुकडीसमोर दुसऱ्याचं नाव होतं. निरोप समारंभ कायम नोकरीतल्या लोकांचा होतो. बाईंनी तारा कापडात गुंडाळल्या, दांडी तिथेच ठेवली. जिन्यात वकील आणि तो लांबट चेहऱ्याचा मुलगा उभे होते.

"मॅडम, पुढे लवचीकता आहे. इलॅस्टिसिटी. ती कोण शिकवणार?"

"नवे सर शिकवतील."

"ते फक्त उजवी बाजू लिहितात म्हणे," वकील म्हणाली. "डावीकडे कोरं."

"मग डावी बाजू तुम्ही लिहा."

"तुमच्याकडे येऊन विचारलं तर?"

बाईंनी तारांचं कापड दुसऱ्या हातात घेतलं. त्यांच्या डोळ्यांसमोर खोली आली आणि तिच्यातली ती एक खुर्ची. "बघू," त्या म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

शेवटच्या तासांची मजुरी पुढच्या महिन्यात हातात आली. त्याच आठवड्यात कोठारातले जुने बाक कॉलेजने काढून टाकले. जुन्या लाकडी सामानाच्या दुकानाबाहेर ते रस्त्यावर एकावर एक रचलेले बाईंना दिसले. त्या थांबल्या. एका बाकावर खडूने, पुसट, 'सरकवा' असं कुणीतरी लिहिलेलं होतं.

"केवढ्याला हा?"

दुकानदाराने भाव सांगितला. तो बाईंनी धरला होता त्याच्या निम्मा होता.

"इतका कमी? लाकूड तर चांगलं आहे."

"लाकडाला काय झालंय? तीन शाळांनी एकाच महिन्यात बाक काढले. नवे लोखंडी घेतायत सगळे. माल येऊन पडलाय, ठेवायला जागा नाही. गेल्या वर्षी हाच बाक दुपटीला गेला असता."

"गेल्या वर्षी मी घेतला नसता," बाई म्हणाल्या.

दुकानदार हसला. "आता गरज पडली वाटतं."

"गरज तेवढीच आहे. भाव उतरला."

हिरवी तार उजवीकडे गेली होती आणि बाई लाल तारेवरून मण्यासारख्या खाली आल्या होत्या. कुणाला तरी सांगावं असं ते होतं, आणि सांगायला तिथे दुकानदारच होता. त्यांनी पैसे दिले. उरल्यात हातगाडीवाल्याचे निघाले.

हातगाडीवाल्याने बाक जिन्यावरून वर आणला. वळणावर तो अडकला. बाईंनी खालचं टोक उचललं आणि दोघांनी मिळून तो उभा करून काढला. आत आल्यावर त्याने घाम पुसत खोली पाहिली. पलंग, टेबल, एक खुर्ची, आणि भिंतीत नव्याने ठोकलेल्या दोन खिळ्यांवर एक आडवी दांडी.

"किती माणसं घरात, ताई?"

"एक."

"मग चौघांचा बाक?"

"भिंतीला लावा," बाई म्हणाल्या. "तिकडे, खिळ्यांच्या समोर."